गॅरेजमधला राजगड

6 सप्टेंबर 2025, शनिवार

अनंत चतुर्दशी. मंडळाच्या विसर्जनाला जाऊन आलो. आरतीला मुलं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात इंग्रजी अक्षरांत छापलेली आरती. चाल बरोबर, शब्दही बरोबर. परतताना गाडीत थोरली (वय 11) म्हणाली, "आई, आम्ही तिथे काहीच करत नाही. वी जस्ट स्टँड." धाकटा (वय 7) झोपला होता.

तिचं खोटं नाही. मखर मोठ्यांनी केलं, मोदक मोठ्यांनी वळले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. रात्री भांडी घासताना आठवत होते की भोरला आमच्या वाड्यात मोठ्यांना बिलकूल शिरू न देता चालणारी सणातली एकच गोष्ट होती, दिवाळीचा किल्ला. सहामाही परीक्षा संपली की दुपारभर चिखलात. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि "थापी दे", "नीट लिंप", "ढासळतोय रे" हे सगळं तिथेच तोंडात बसलं.

तेव्हा यंदा इथे, इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये, किल्ला. गल्लीतली तीन मराठी घरं मिळून पाच मुलं: आमची दोन, समोरच्या नऊ वर्षांच्या जुळ्या, आणि कोपऱ्यावरच्या घरातला तेरा वर्षांचा दादा. दादाला सगळं मराठी कळतं. बोलत मात्र एक अक्षर नाही.

14 सप्टेंबर, रविवार

मुलांना परसात खड्डा खणायला लावला आणि फोनवर 40 मिनिटं रेकॉर्डिंग करून ठेवलं. सुरुवातीची स्थिती टिपून ठेवायची होती, नाहीतर दिवाळीनंतर "मुलं किती छान बोलायला लागली" असं आपणच आपल्याला सांगत बसतो.

रात्री ऐकलं. नावं बऱ्यापैकी मराठीत होती: माती, दगड, पाणी, झाड, खड्डा, अगदी "गांडूळ"सुद्धा. क्रियापदं मात्र पार गेलेली. "डिग करूया", "हे ब्रेक झालं", "मिक्स कर ना", "ते पुश कर". पाचही मुलांनी मिळून अस्सल मराठी क्रियापदं वापरली ती सहा: कर, टाक, घे, दे, बघ, जा. त्यातल्या "टाक"वर सगळा डोलारा उभा होता. पाणी टाक, माती टाक, दगड टाक, हात टाक.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण घरात बोलताना खटकत नाही. जेवणाच्या टेबलावर "भात हवा? आमटी वाढू?" एवढ्यावर दिवस निघतो. वाढणारी मीच असते, त्यामुळे "वाढ" हा शब्द माझ्याकडेच राहतो. मुलाच्या हातात काम नसेल, तर त्या कामाचं क्रियापद त्याच्या तोंडात यायचं कुठून?

म्हणून प्रकल्पाचा एकच नियम ठरवला. रोज एक मूल मुकादम. मोठी माणसं आणि बाकीची मुलं बिगारी. मुकादम मराठीत सांगेल तेवढंच आणि तसंच बिगारी करणार, स्वतःची अक्कल वापरायची नाही. इंग्रजीत सांगितलं तर बिगाऱ्यांना ऐकूच येत नाही.

15 सप्टेंबर, सोमवार

बाबांना फोन. कुठला किल्ला करावा? ते एका क्षणात म्हणाले, "राजगड करा. तीन घरं, तीन माच्या."

एवढं सोपं मला सुचलं नसतं. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, पश्चिमेकडे लांबच लांब गेलेली संजीवनी, आणि मधोमध वर बालेकिल्ला. एकेका घराने एकेक माची घ्यायची, बालेकिल्ला सगळ्यांचा. वाटणीवरून भांडण नाही. थोरलीने यावर्षी जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आहे का ते आधी तपासलं, मग होकार दिला.

आम्ही सुवेळा घेतली, समोरच्यांनी पद्मावती, दादाच्या वाट्याला संजीवनी.

20 सप्टेंबर, शनिवार

मातीचा दिवस. दुकानातली कुंडीची माती किल्ल्याला कामाची नाही. ती बहुतेक कुजलेल्या पाल्याची आणि काथ्याची असते, ओली असताना उभी राहते आणि वाळली की भुगा. चिकण हवी. आमच्या परसात हातभर खणलं की पिवळट चिकट थर लागतो. जवळच्या टाइलहर्स्ट भागाचं नावच मुळी कौलांवरून पडलेलं आहे, म्हणजे इथल्या मातीची कौलं होत होती, तिचा बुरूज का होणार नाही?

चाचणी अशी केली. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी वळायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. न तुटता वळली तर चिकण पुरेशी आहे. वरच्या थराची वळी लगेच तुटली. खालच्या थराची अंगठीसारखी बसली. धाकट्याने दहाही बोटांत अंगठ्या घातल्या आणि मग त्याला नाक खाजवता येईना.

नुसती चिकण मातीही चालत नाही, वाळताना ती आक्रसते आणि भेगा पडतात. म्हणून चार वड्या थापून फरशीच्या तुकड्यावर ठेवल्या: नुसती माती, तीनास एक वाळू, दोनास एक वाळू, आणि तीनास एक वाळू अधिक कातरलेलं सुकं गवत (जुळ्यांच्या सशाचं). प्रत्येक वडीवर सुईने बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ ओढली.

मुकादम आज थोरली. तिचा पहिला हुकूम: "माती क्लीन करा." बिगारी ढिम्म. "माती... स्वच्छ करा." बिगाऱ्यांनी माती नळाखाली धुवायला घेतली. ती किंचाळली. मग हाताने चाळल्याचा अभिनय करून माझ्याकडे बघितलं. मी "चाळ" एवढंच म्हटलं. "चाळा! माती चाळा!" पुढची वीस मिनिटं तिने चाळण्याशिवाय दुसरं काही करायला लावलं नाही.

24 सप्टेंबर, बुधवार

वड्या वाळल्या. नुसत्या मातीची रेघ 9.1 सेंटीमीटर झाली आणि वडीला आरपार भेग. दोनास एक वाळूची जवळपास आक्रसली नाही, पण कडा बोटाने चुरल्या. गवतवाली उत्तम: 9.6, भेग केसाएवढी, कडा टणक. हेच मिश्रण.

थोरलीने वहीत लिहिलं, "माती छोटी झाली." आजोबा फोनवर म्हणाले, "आक्रसली म्हण." तिने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, मग धुतल्यावर आखूड झालेल्या भावाच्या स्वेटरकडे बोट दाखवून म्हणाली, "आक्रसला?" हो, आक्रसला.

28 सप्टेंबर, रविवार

परसात पाया घातला. तीस विटा, जुने खोके, त्यावर गोणपाट. गोणपाट आधी मातीच्या राड्यात बुडवायचं आणि मग अंथरायचं, म्हणजे वरचा थर त्याला धरून राहतो. कोरडंच अंथरलं तर माती पापडासारखी सुटते.

मुकादम धाकटा. आमच्या नियमाची खरी परीक्षा आज झाली. मी बादली घेऊन उभी. तो म्हणाला, "आई, पाणी टाक." टाकलं. अख्खी बादली. पद्मावती माचीच्या जागी तळं.

"नाही! एवढं नाही! थोडं!"

कपभर पाणी एकाच ठिकाणी ओतलं. खड्डा पडला.

तो चिडून रडायच्या बेतात आला. बोटं झटकत म्हणाला, "असं! असं! सगळीकडे असं!" दादा शेजारी उभा होता. त्याने खाली बघत, अगदी हळू आवाजात सांगितलं, "शिंपड."

दादाचा पहिला मराठी शब्द मी ऐकला तो हा. मी वळून पाहिलं नाही, कौतुक केलं नाही. केलं असतं तर तो पुन्हा बोलला नसता, एवढं मला कळतं.

"शिंपड!" धाकटा ओरडला. मी शिंपडलं.

2 ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. शाळेतून आल्यावर मुलांनी थापी, चाळणी, बादली आणि खुरपं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. आधीच्या वर्षी मी लॅपटॉपची पूजा करायला लावली होती, तेव्हा धाकट्याने "व्हाय" विचारलं होतं. या वेळी विचारलं नाही.

4 ऑक्टोबर, शनिवार

किल्ला गेला. कालपासून जोराचा वारा आणि पाऊस. ताडपत्रीला विटा लावून दाबली होती, तरी वाऱ्याने एक कोपरा उचलला आणि सगळं पाणी संजीवनीवर. सकाळी पाहिलं तर माती वाहून खोके उघडे पडलेले. उरलेल्या ओल्या मातीवर कोल्ह्याची पावलं, सरळ बालेकिल्ल्यापर्यंत.

चूक माझी. आमच्या लहानपणी दिवाळीला पाऊस सरलेला असायचा म्हणून किल्ला अंगणात होत होता. इथे ऑक्टोबरात उघड्यावर माती वाळतच नाही, वाऱ्या-पावसाचं तर सोडाच.

जुळ्या रडल्या. मुकादम त्यांच्यातलीच एक होती, पण तिने हुकूम दिला नाही. आज कुणी नियम पाळला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. रडताना मुलाला भाषेची अट घालू नये. दुपारी आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, "ढासळला होय? ढासळू दे. खचला नाही ना?" मग दोन्हींतला फरक सांगत बसले: वरून सुटून पडलं तर ढासळलं, खालून बसलं तर खचलं. धाकटा जाऊन तपासून आला. "विटा ओके आहेत. खचला नाही."

5 ऑक्टोबर, रविवार

गाडी रस्त्यावर, किल्ला गॅरेजमध्ये. पाच फूट बाय चार फुटांची प्लायवुडची फळी, खाली प्लास्टिक, आणि फळीखाली चार लाकडी ठोकळे, म्हणजे नंतर फावडं घालता येईल. ओली माती फार जड होते. बारा बादल्या माती आणि चार बादल्या वाळू गेल्यावर फळी हलवणं अशक्य, तेव्हा जागा आधीच पक्की करायची.

दुसऱ्यांदा करताना काम निम्म्या वेळात झालं, कारण हुकूम आता पाठ होते. एक गोष्ट नोंदवून ठेवते. पहिल्या वेळी मी मुलांच्या चुका लगेच सुधारत होते. "तो माती नाही, ती माती." परिणाम असा की पुढचं वाक्य इंग्रजीत यायचं. आता सुधारत नाही, नुसतं बरोबर करून परत म्हणते. "आई, तो माती लिंप." "ही माती लिंपू? कुठे लिंपू?" "ती माती इथे लिंप." दहातल्या चार वेळा पुढच्या वाक्यात लिंग आपोआप सुधारतं. उरलेल्या सहा वेळा नाही. चालेल.

फोनच्या वेळेचाही घोळ निस्तरला. इथे सकाळी दहाला फोन केला की भोरला अडीच वाजलेले असतात आणि आजोबा वामकुक्षीत, मग ते हो-हो करतात आणि मुलांना वाटतं त्यांना रस नाही. आता बाराला लावतो, तिथे साडेचारचा चहा झालेला असतो.

8 ऑक्टोबर, बुधवार

सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. धाकट्याने ओल्या मातीत बोट घालून नेढं केलं, तीनदा कोसळलं. वरची माती स्वतःच्या वजनाने बसते. मग टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी आत ठेवून वरून लिंपलं, तेव्हा टिकलं.

"नेढं म्हणजे काय?" त्याने फोनवर विचारलं. आजोबांनी आजीला हाक मारली. आजी सुई-दोरा घेऊन आली, कॅमेऱ्यासमोर सुई धरली आणि म्हणाली, "हे बघ, दोरा जातो ना, ते नेढं. ओव बरं तू." त्याने इथे सुई शोधली. सात मिनिटं लागली, दोरा चारदा चोखला. ओवल्यावर सुई घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि डोंगराच्या नेढ्यातून दोरा ओवला. तो दोरा तिथेच आहे. काढू देत नाही.

11 ऑक्टोबर, शनिवार

पेरणी. वसुबारस 17 तारखेला आहे, त्याआधी गड हिरवा हवा. उबदार घरात अळीव दोन-तीन दिवसांत रुजतं आणि आठवड्यात बोटभर होतं. आमच्या गॅरेजमध्ये 12 अंश आहे, तिथे दुप्पट वेळ लागेल. म्हणून रात्री तेलाचा हीटर मंद ठेवायचा, 17-18 अंशांपर्यंत.

अळीव इथे मिळेल का ही चिंता व्यर्थ होती. बागेच्या दुकानात क्रेस म्हणून जे विकतात ते हेच. पण त्या पाकिटात तळहातभर जागेपुरतंच बी असतं. गुजराती दुकानात अशेळियो म्हणून 200 ग्रॅमचं पाकीट घेतलं, ते पुरून वर लाडवांपुरतं उरलं.

किल्ल्याला अळीवच का, मोहरी का नाही, हे मुलांनी स्वतः शोधलं. दोन वाट्यांत बी भिजवलं. मोहरी होती तशीच राहिली. अळिवाभोवती अर्ध्या तासात बुळबुळीत आवरण आलं. मग कलत्या पाटावर दोन्ही थापलं: मोहरी घरंगळली, अळीव चिकटून बसलं. डोंगराच्या उभ्या उतारावर टिकणारं बी हेच. "बुळबुळीत" आणि "घरंगळली" हे दोन शब्द दिवसभर गॅरेजमध्ये घुमत होते. जेवताना भेंडीलाही बुळबुळीत म्हणून झालं.

14 ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी जुळ्यांचा निरोप: पद्मावतीला बुरशी लागली. जाऊन पाहिलं तर रुजलेल्या प्रत्येक बियाभोवती पांढरी लव. त्या बी उपटायला निघाल्या होत्या, थांबवलं. पाण्याचा फवारा मारला तर लव अंगाला चिकटून दिसेनाशी झाली. म्हणजे ती मुळांची केसं होती. बुरशी असती तर फवाऱ्यानंतरही एका बियावरून दुसऱ्यावर जाळं पसरलेलं दिसलं असतं आणि वास आला असता. तसं एकाच ठिकाणी निघालं, संजीवनीच्या खाचेत, जिथे पाणी साचलं होतं. दादाने चमच्याने तेवढा भाग उकरून काढला.

तो आता धाकट्याशी मराठी बोलतो, फक्त गॅरेजमध्ये आणि मोठं कोणी नसेल तेव्हा. मी दाराबाहेर ऐकलं. धाकटा मुकादम होता आणि दादाला दटावत होता, "नीट थाप रे, तट वाकडा झाला." दादा म्हणाला, "तूच वाकडा धरलास." संजीवनीचा तट दुहेरी, बुरूज चिलखती, म्हणजे बुरुजाबाहेर दुसरी भिंत आणि मध्ये बोळ. तो बोळ बुजू न देता दोन्ही भिंती उभ्या करायला एकाने धरायचं आणि एकाने लिंपायचं, बोलल्याशिवाय होत नाही. योजना म्हणून मी हे केलं नव्हतं.

17 ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. गड हिरवा, दोन सेंटीमीटर. सुवेळेचा उत्तर उतार टक्कल, तिथे हीटरची ऊब पोचत नाही.

टूथपिकवर पाट्या लावल्या. "पाली दरवाजा", "सदर", "तळं", "बालेकील्ला". शेवटची तशीच ठेवली आहे. दादाने "चिलखती बुरूज" लिहिताना रू की रु विचारलं, इंग्रजीत, पण विचारलं.

20 ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी, आणि शाळा. इथला सूर्योदय आज साडेसातच्या पुढे, त्यामुळे साडेसहाला उठूनही अभ्यंगस्नान अंधारातच झालं. परदेशी राहण्याचा हा एक फायदा. उटणं लावून, गडावर पणती ठेवून, कानामागे तेल तसंच घेऊन मुलं शाळेत गेली.

शाळेला सुट्टी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर भाऊबीजही होऊन जाईल. म्हणून किल्ला दिवाळीनंतरही ठेवायचा, आणि शनिवारी लोकांना बोलवायचं.

22 ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. रात्री शनिवारची तालीम घेतली आणि एक मोठं भोक सापडलं, नेढ्याहून मोठं. थोरली गडकरी झाली, तिचे वडील पाहुणे. ती म्हणाली, "काका, तू इकडे ये. तू इथे पाय ठेवू नको."

मुलांना "तुम्ही" येतच नाही. यायचं कुठून? घरात आई-बाबांना तू, आजोबांना फोनवरही तू, आणि इतर मोठ्या माणसांशी मराठी बोलायची वेळच येत नाही, सगळे काका-मावश्या त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. भोरला हे दुकानदाराशी, शिक्षकांशी, दारात आलेल्या माणसाशी बोलून जमलं. इथे त्या माणसांची जागाच रिकामी आहे.

नवा नियम: गडावर येणारा प्रत्येकजण पाहुणा, त्याला "या, बघा, बसा, सांभाळून चला". धाकट्याने लगेच कुत्र्याला "या, बसा" म्हणून पाहिलं.

25 ऑक्टोबर, शनिवार

बाविसेक माणसं आली. प्रवेशमूल्य एक मराठी प्रश्न. मोठ्यांना हे मुलांपेक्षा जड गेलं. एक काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "हे व्हॉट टाइपचं तळं आहे?" थोरलीने मान हलवली. "पुन्हा विचारा, काका." त्यांनी पुन्हा विचारलं.

ती वीस मिनिटं बोलली. "इकडून या. ही सुवेळा माची. वाकून बघा, आरपार दिसतं, त्याला नेढं म्हणतात. दोऱ्याला हात लावू नका, तो माझ्या भावाचा आहे." मध्येच "सो, लाइक" येत होतं. तीन ठिकाणी "तू" निसटलं, एकदा तिने स्वतःच थांबून "तुम्ही" केलं.

शेजारच्या इंग्रज आजींना जुळ्यांनी दाराशीच "हे काय आहे?" एवढं शिकवलं. त्यांनी ते उतारावरच्या हिरवळीकडे बोट दाखवून विचारलं आणि उत्तर येण्याआधी स्वतःच ओळखलं. लहानपणी त्या ओल्या कापसावर हेच उगवायच्या आणि उकडलेल्या अंड्याच्या सँडविचमध्ये घालून खायच्या. आम्ही त्यांना अळिवाचा लाडू दिला. अर्धा खाऊन उरलेला त्यांनी रुमालात बांधून घेतला. आवडला की नाही, कळलं नाही.

दादा माणसांसमोर बोलला नाही. संजीवनीपाशी उभा राहून त्याने टॉर्च धरला, धाकट्याने माहिती सांगितली. त्याच्या आईचा चेहरा पडला. मी तिला दाराबाहेर ऐकलेलं सांगितलं नाही, तो विश्वासघात झाला असता.

26 ऑक्टोबर, रविवार

घड्याळं तासभर मागे गेली. आता भोर साडेपाच तास पुढे. आजोबांचा फोन अकराला.

1 नोव्हेंबर, शनिवार

गड उतरवला. अळीव उजेडाअभावी लांबून पिवळं पडलं होतं, खाली वळलं होतं, आणि मातीला बुरशीचा खराखुरा वास यायला लागला होता. तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही.

उतरवतानाही 40 मिनिटं रेकॉर्डिंग केलं. रात्री मोजलं: 31 मराठी क्रियापदं. खण, उकर, फोड, सोड, उचल, ओढ, सरकव, झटक, भर, ओत, वाकव आणि बाकी. "टाक" आहेच. "डिग करू" दोनदा आलं. जुळ्यांपैकी एकीची मात्र फक्त नऊ, ती बहिणीला बोलू देते आणि स्वतः काम करते. पुढच्या वेळी दोघींना एकत्र मुकादम करायचं नाही. आणखी एक, ही 31 क्रियापदं मातीची आहेत. स्वयंपाकघरात तोच धाकटा परवा "एग्ज बीट कर" म्हणाला. संक्रांतीला तिळगुळाचं काम मुलांकडे द्यावं लागेल: भाजणं, कुटणं, वळणं, पाक उतरवणं. गरम पाकाशी मुकादमी कशी करायची ते अजून ठरलेलं नाही.

विटा रचून ठेवल्या. माती परसातल्या खड्ड्यात परत. धाकट्याने नेढ्याचा पुठ्ठा दोऱ्यासकट काढून घेतला. बादली रिकामी करताना मी वेंधळेपणाने पाणी सगळीकडे सांडलं, तर दादा मागून म्हणाला, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा. मी ओततो."